कॅपच्या आधी हाड का कोरावे लागते?

वाचकहो, करडीसारख्या गावात दवाखाना चालवणाऱ्या साध्या एमबीबीएस डॉक्टरकडे दातांचे रुग्णही येतातच. दंतवैद्याकडे जायचे म्हणजे बस धरून भंडारा किंवा नागपूर गाठायचे, त्यापेक्षा ‘आधी आपल्या डॉक्टरला दाखवू’ हा विचार स्वाभाविक आहे. मी दंतवैद्य नाही. म्हणूनच दाताच्या एका दुखण्यात माझ्या हातून काय चुकले आणि त्या चुकीतून मी काय शिकलो, ते आज आपल्यापुढे मांडतो. आपल्या घरातील एखाद्या ज्येष्ठाला उद्या दंतवैद्याने ‘कॅप बसवण्याआधी थोडे हाड कमी करावे लागेल’ असे सांगितले, तर ते ऐकून घाबरून परत येण्याऐवजी त्यामागील कारण आपल्याला ठाऊक असावे, एवढाच हेतू.

आमचे एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत, वय सदुसष्ट. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. मधुमेह दहा वर्षांचा. खालच्या जबड्यातील उजव्या बाजूच्या उपदाढेत काही वर्षांपूर्वी रूट कॅनाल केलेले होते, परंतु त्यावर कॅप बसवायची राहून गेली होती. रूट कॅनाल केलेला दात आतून पोखरलेला असल्यामुळे कमकुवत असतो. एके दिवशी सुपारीचे खांड चावताना त्या दाढेची जिभेकडची अख्खी भिंत हिरडीच्या कडेला समपातळीत तुटली. एका दंतवैद्याने उरलेल्या भागावर कॅप बसवून दिली. दात दिसायला छान झाला आणि गुरुजी खूश झाले.

महिन्याभराने ते माझ्याकडे आले. कॅपच्या आतील बाजूची हिरडी सुजलेली, जांभळट लाल, ब्रश लागताच रक्त येणारी, आणि तोंडाला वास. मी त्यांची साखर पाहिली. ती वाढलेली होती. मधुमेहात हिरडी सुजते हे आम्ही डॉक्टर जाणतोच. मी पाच दिवसांचे अँटिबायोटिक दिले. सूज उतरली आणि पंधरवड्यात पुन्हा आली. मी पुन्हा औषध दिले, ती पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला त्यांच्या पत्नी सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, साखरेनं हिरडी सुजते म्हणता, तर मंग बाकीच्या दाताईच्या हिरड्या कशा चांगल्या?”

हा प्रश्न मला स्वतःला तीन आठवडे आधी पडायला हवा होता. साखर साऱ्या तोंडाची असते. सूज मात्र एकाच दाताभोवती, तीही एकाच बाजूला होती. म्हणजे कारण त्या जागीच होते. मी त्यांना नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात हिरडीरोग विभागात पाठवले, आणि तिथून परत आलेल्या चिठ्ठीवर जे लिहिले होते ते समजून घेण्यासाठी मला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

ते समजण्यासाठी हिरडी दाताला कशी चिकटलेली असते हे पाहू. आरशात आपल्याला हिरडीची कड दिसते. त्या कडेच्या आत, दात आणि हिरडी यांच्या मध्ये सुमारे एक मिलिमीटरची उथळ खाच असते. त्या खाचेच्या तळापासून खाली हाडाच्या काठापर्यंत हिरडी दाताला प्रत्यक्ष चिकटलेली असते. वरच्या अर्ध्या भागात पातळ त्वचेसारख्या पेशींनी, खालच्या अर्ध्या भागात बळकट तंतूंनी. 1961 साली गार्जुलो, वेंट्झ आणि ऑर्बन या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या जबड्यांवर हे अंतर मोजले. चिकटलेल्या या पट्ट्याची उंची सरासरी दोन मिलिमीटरच्या आसपास भरली. हा पट्टा म्हणजे तोंडातील जंतू आणि जबड्याचे हाड यांच्यामधील एकमेव कवाड. म्हणून हाडाच्या काठापासून हिरडीच्या कडेपर्यंत साधारण तीन मिलिमीटर जागा धरतात: दोन चिकटलेल्या पट्ट्याची आणि एक खाचेची. ही सरासरी आहे. माणसागणिक, इतकेच नव्हे तर दातागणिकही ती कमीजास्त असते, म्हणून प्रत्येक वेळी मोजूनच ठरवावे लागते.

आता गुरुजींच्या दाताकडे येऊ. तुटलेली कड हिरडीशी समपातळीत होती, म्हणजे हाडापासून तीन मिलिमीटर वर. कॅपला पकडण्यासाठी हिरडीच्या वर दात उरलेलाच नव्हता. तेव्हा पकड मिळावी म्हणून कॅपची कड हिरडीच्या खाली दीड मिलिमीटर उतरवली गेली. त्यामुळे कॅपची कड आणि हाड यांच्यामध्ये उरले केवळ दीड मिलिमीटर. दोन मिलिमीटरच्या कवाडाला दीड मिलिमीटरची चौकट दिल्यासारखे ते झाले. कॅपच्या कडेवर जंतूंचा थर बसतो, आणि इतक्या खोलवर तो ब्रशने निघत नाही. शरीर त्या जंतूंना हाडापासून दूर ठेवण्यासाठी झगडत राहते. आपल्याला दिसणारी सूज आणि रक्त ही त्या झगड्याची खूण. पातळ हिरडी असेल तर शरीर स्वतःच हाड झिजवून जागा करून घेते व हिरडी खाली सरकते. जाड असेल तर ती वर्षानुवर्षे सुजलेली राहते आणि आत पोकळी तयार होते. अँटिबायोटिक जंतू काही दिवस कमी करते, परंतु कॅपची कड जिथे आहे तिथेच राहते. माझे औषध दर वेळी का फसले, याचे उत्तर त्या दीड मिलिमीटरमध्ये होते.

आपण म्हणाल, मग कॅपची कड वरच का ठेवली नाही? कारण तशी कॅप टिकत नाही. खुरप्याचे पाते लाकडी मुठीत जिथे शिरते तिथे लोखंडी कडे घातलेले आपण पाहिले असेल. ते कडे नसेल तर काही दिवसांत मूठ उभी चिरते. कॅपचेही तसेच आहे. तिच्या कडेने चहूबाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा खराखुरा, निरोगी दात कवेत घ्यावा लागतो. त्यावर चढवलेले सिमेंट किंवा भरणाचे साहित्य या हिशेबात धरत नाहीत. मुळात पोस्ट नावाची बारीक दांडी ठोकून वर कृत्रिम बुंधा उभारला आणि कॅप नुसती त्या बुंध्यावर ठेवली, तर प्रत्येक घासाला ती दांडी पहारीसारखी मुळावर जोर देते. मग एक तर कॅप दांडीसकट निघून हातात येते, नाही तर मूळच उभे चिरते. उभ्या चिरलेल्या मुळाला उपाय नसतो, तो दात काढावाच लागतो.

आता बेरीज करा. हाडाच्या वर तीन मिलिमीटर हिरडीसाठी आणि त्यावर दीड मिलिमीटर कॅपच्या पकडीसाठी. म्हणजे तुटलेली कड हाडापासून साडेचार मिलिमीटर वर हवी. गुरुजींची होती तीनवर. दात तर वाढणार नाही. तेव्हा हाडाची पातळी दीड मिलिमीटर खाली नेणे एवढाच मार्ग उरतो. या शस्त्रक्रियेला क्राउन लेंग्थनिंग म्हणतात. नावावरून दात लांब होतो असे वाटते. प्रत्यक्षात दात तेवढाच राहतो, त्याचा उघडा भाग वाढतो.

नागपुरात हे सारे ऐकल्यावर गुरुजी माझ्याकडे येऊन म्हणाले, “तुटला दात, अन् कापाचं हाड? हे कोठचं गणित? नुसती हिरडी कापली तर नाही चालत काय?”

हा प्रश्न बहुतेक रुग्ण विचारतात आणि तो योग्यच आहे. काही वेळा नुसती हिरडी कापून भागतेही. हिरडी मुळातच जाड वाढलेली असेल आणि कापल्यानंतरही हाडाच्या वर तीन मिलिमीटर उरणार असेल, तेव्हा. गुरुजींच्या बाबतीत तेवढी हिरडी शिल्लक नव्हती. हिरडी हाडाच्या मागे जाते. हाड आहे तिथे ठेवून हिरडी कापली, तर काही आठवड्यांत ती आपले तीन मिलिमीटर पुन्हा भरून काढते आणि कॅपची कड परत तिच्याखाली गाडली जाते. हाड खाली गेले तरच हिरडी नव्या पातळीवर स्थिरावते.

तथापि हाड कमी करण्याची किंमतही मोजावी लागते, आणि ती आधी मोजणे हाच या शस्त्रक्रियेतील खरा निर्णय. गुरुजींच्या दाढेचे मूळ बारा मिलिमीटर हाडात रोवलेले होते आणि चावण्याच्या पृष्ठभागापर्यंत नऊ मिलिमीटर हाडाबाहेर होते. दीड मिलिमीटर हाड काढले की आतले साडेदहा होणार आणि बाहेरचेही साडेदहा. एकीकडून वजा केलेले दुसरीकडे जमा होते, म्हणून प्रत्येक मिलिमीटर दोनदा मोजला जातो. आत निदान बाहेरइतके तरी मूळ असावे, असा संकेत आहे. गुरुजी त्या सीमेवर नेमके बसत होते. त्यांचे मूळ आखूड असते किंवा दात आणखी दोन मिलिमीटर खोल तुटला असता, तर तज्ज्ञांनी तो काढण्याचाच सल्ला दिला असता, आणि तो योग्य ठरला असता.

मोठ्या दाढांमध्ये आणखी एक अडचण असते. त्यांची मुळे हाडाच्या काठाखाली थोड्याच अंतरावर दुभंगतात. हाड कमी करताना ती दुबेळकी उघडी पडली, तर तिथे ब्रश पोहोचत नाही, अन्न अडकते आणि दाढ पुढे त्याच कारणाने जाते. समोरच्या दातांचा प्रश्न वेगळा. एका दाताची हिरडी खाली गेली की हसताना तो शेजाऱ्यांपेक्षा लांब दिसतो. अशा वेळी हाड न कापता तारेच्या मदतीने मूळ हळूहळू बाहेर ओढून घेण्याचा पर्याय दंतवैद्य सुचवतात. त्याला महिने लागतात. आणि दात उभा चिरलेला असेल, हिरडीच्या आजाराने हलत असेल किंवा रूट कॅनाल बिघडून ते दुरुस्त होण्याजोगे नसेल, तर ही शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नाही. मग दात काढून ब्रिज, इम्प्लांट किंवा काढघाल करण्याजोगी कवळी यांचा विचार करावा लागतो.

गुरुजींना लगेच तारीख मिळाली नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी त्यांची एचबीए1सी 8.9 होती. वाढलेल्या साखरेत जखम उशिरा भरते आणि पिकण्याचा धोका वाढतो. तातडीची नसलेली शस्त्रक्रिया हा आकडा आठच्या खाली आल्यावर करावी, असा माझा आग्रह असतो. दरम्यान दंतवैद्यांनी ती कॅप काढून उंच कडेची तात्पुरती कॅप बसवली, दातांची सफाई केली आणि गुरुजींची सुपारी बंद झाली. आपल्या भागात खर्रा खाणारे पुष्कळ आहेत. त्यांनी तो सोडला नाही, तर हिरडीची जखम नीट भरेल याची खात्री कोणताही शल्यचिकित्सक देणार नाही.

याच काळात त्यांच्या पत्नीने सर्व औषधांची पाने एका पिशवीत घालून आणली, आणि हे काम प्रत्येक काळजीवाहूने करावे असे मी सुचवेन. दोन गोष्टी त्यात विशेषत्वाने पाहायच्या असतात. एक म्हणजे रक्त पातळ करणारी औषधे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नयेत. हृदयविकाराचा धोका हिरडीतून येणाऱ्या रक्तापेक्षा मोठा असतो, आणि काय करायचे ते दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचे असते. दुसरी म्हणजे हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली औषधे: आठवड्याला एक घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदाचे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन. ही घेणाऱ्यांपैकी काहींच्या जबड्याच्या हाडाची जखम भरतच नाही आणि हाड उघडे पडते. वर्षातून एकदाचे इंजेक्शन घरच्यांच्या लक्षातही नसते, म्हणून आठवणीने सांगावे.

शस्त्रक्रिया तोंडापुरती भूल देऊन, तासाभरात झाली. भूल चढल्यावर खुणा असलेली बारीक सळई हिरडीतून हाडाला टेकेपर्यंत घालून अंतर पुन्हा मोजले गेले, कारण एक्स-रे बाजूच्या हाडाची पातळी दाखवतो, जिभेकडची नीट दाखवत नाही. मग हिरडीला छेद देऊन ती पाकिटाच्या झाकणासारखी बाजूला केली. तुटलेली कड उघड्यावर दिसली. गोल मुखाच्या टोचणीने, सतत पाण्याची धार सोडत, हाड थोडे थोडे कमी केले. धार सोडली नाही तर घर्षणाच्या उष्णतेने हाड मरते. मुळाला लागून असलेला शेवटचा पापुद्रा हातातील छिनीने काढला, जेणेकरून मुळावर ओरखडा उठू नये. एकाच जागी खड्डा न पाडता हाडाचा उतार शेजारच्या दातांच्या दिशेने हळूहळू मिळवत नेला. खड्डा राहिला असता, तर हिरडी त्याच्यावर पूल बांधून पुन्हा खोल पोकळी तयार झाली असती. शेवटी हिरडी नव्या पातळीवर बसवून टाके घातले आणि त्यावर गुलाबी लेप लावला.

पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते, नंतर उतरते. गुरुजींना मी पॅरासिटामॉल पुरेसे होईल असे सांगितले होते, आणि झाले. मूत्रपिंडाचा त्रास, उच्च रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी औषधे असणाऱ्यांनी दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणून घेऊ नये. आहारात आसट भात, कोमट वरण, ताक. मधुमेही माणूस दुखते म्हणून जेवला नाही आणि गोळी मात्र घेतली, तर साखर धोक्याच्या पातळीखाली उतरते. हे सांभाळण्याचे काम घरच्यांचे. त्या जागी ब्रश लावायचा नाही, दोन आठवडे क्लोरहेक्सिडिनने दिवसातून दोनदा चूळ भरायची. तिने दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर निघतात. टाके आठवड्याने काढले. थुंकीत थोडा लाल रंग पहिल्या दिवशी चालतो. स्वच्छ कापडाची घडी वीस मिनिटे दाबूनही रक्त वाहत राहिले, चौथ्या दिवसानंतर सूज वाढू लागली किंवा ताप आला, तर मात्र थांबू नये.

यानंतरचा काळ संयमाचा. टाके निघाले की काम संपले असे वाटते, परंतु हिरडीची कड अजून जागा बदलत असते. मागच्या दातांवर कायमची कॅप निदान सहा ते आठ आठवड्यांनी, तर समोरच्या दातांवर तीन ते सहा महिन्यांनी घालतात. घाईने माप घेतले तर पुढे हिरडी सरकून कॅपची कड उघडी पडते किंवा पुन्हा खाली जाते, आणि सगळी मेहनत वाया जाते. गुरुजींनी दहा आठवडे तात्पुरत्या कॅपवर काढले.

शस्त्रक्रियेनंतर एक गोष्ट मात्र कायम राहते. हिरडी खाली गेल्यामुळे दातांच्या मधे त्रिकोणी फटी दिसू लागतात आणि त्यात भाताचे शीत अडकते. शेजारच्या जिवंत दातांचे मूळ थोडे उघडे पडल्याने थंड पाणी काही आठवडे झोंबते. झोंबणे कमी होत जाते, फटी तशाच राहतात. त्यांच्यासाठी बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा चिमुकला ब्रश मिळतो. तो रोज रात्री फिरवावा लागतो. ज्येष्ठांचा हात थरथरत असेल, तर हे काम कोण करणार हे शस्त्रक्रियेपूर्वीच घरात ठरवावे. कोणी करणारे नसेल, तर दात काढणे अधिक प्रामाणिक ठरू शकते.

म्हणून दंतवैद्याने हा सल्ला दिला, तर एवढे तरी विचारा: तुटलेली कड हाडापासून किती वर आहे, किती हाड काढावे लागेल आणि त्यानंतर मूळ किती उरेल? आणि आधीच बसवलेल्या एखाद्या कॅपभोवतीच, तेही बाकीचे तोंड निरोगी असताना, हिरडी वरचेवर सुजत असेल, तर माझ्यासारख्या डॉक्टरकडून तिसऱ्यांदा अँटिबायोटिक लिहून घेऊ नका. कॅपची कड तपासून घ्या.

गुरुजींची कॅप बसून आता दीड वर्ष होत आले. साखर तपासायला आले की मी त्यांना तोंड उघडायला लावतो. हिरडी फिकट गुलाबी, घट्ट आहे. त्यांच्या पत्नी शेजारी उभ्या असतात आणि मी काही बोलण्याआधीच सांगतात, “ब्रश रोज फिरवतो जी आमी. सुपारीचं मात्र तुम्हीच इचारा.”